‘सक्सेस रेट’च्या छेदात कोण कोण बसतं? आयव्हीएफच्या आकड्यांची पार्श्वभूमी

१९७८ ला पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं तेव्हा हिशोब सोपा होता. एक बीज, एक भ्रूण, एकदाच ट्रान्सफर म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, बाळ झालं की नाही झालं, बस. पुढे इंजेक्शनं देऊन एका पाळीत आठ-दहा बीजं काढायला लागले आणि १९८४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणातून पहिलं बाळ झालं, तेव्हापासून ‘एक सायकल’ म्हणजे नेमकं काय हा घोळ सुरू झाला. अमेरिकेत १९९२ ला कायदा झाला की क्लिनिक्सनी आपले आकडे सांगायचे, १९९५ च्या सायकल्सचा पहिला रिपोर्ट १९९७ मध्ये आला. पण आकडे उघड झाले तरी छेदात काय धरायचं हे भांडण राहिलंच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० जणींनी इंजेक्शनं सुरू केली. १० जणींमध्ये फॉलिकल्स, म्हणजे बीजं वाढतात त्या अंडाशयातल्या पिशव्या, नीट वाढल्याच नाहीत म्हणून सायकल कॅन्सल, ९० जणींचं पिकअप झालं, म्हणजे बीजं बाहेर काढली. ८ जणींचं वापरण्यासारखं भ्रूणच बनलं नाही, २२ जणींचे सगळे भ्रूण फ्रीज केले, राहिलेल्या ६० जणींना फ्रेश ट्रान्सफर मिळाला. चौदा दिवसांनी २७ जणींची बीटा-एचसीजी ही प्रेग्नन्सीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत ठोके दिसले २४ जणींना, आणि बाळ घरी घेऊन गेल्या २०. आता होर्डिंगवर काय लिहाल? ‘४५ टक्के यश’ खरं आहे, २७ भागिले ६०. ‘३३ टक्के’ पण खरं आहे, २० भागिले ६०. आणि ज्या बाईनं पहिलं इंजेक्शन पोटात टोचून घेतलं तिच्या दृष्टीनं त्या राउंडला २० टक्केच. खोटं कुणीच बोललं नाही!

पण हा २० चा आकडाही अर्धवटच. व्हिट्रिफिकेशन म्हणजे झटकन गोठवणं चांगलं जमायला लागल्यावर ‘फ्रीज ऑल’ वाढलं, आणि त्या २२ जणी फ्रेशच्या हिशोबात चक्क नापास दिसायला लागल्या. म्हणून क्युम्युलेटिव्ह आलं: एका पिकअपमधून निघालेले सगळे भ्रूण, फ्रेश असो की फ्रोझन, पहिलं बाळ होईपर्यंत किंवा भ्रूण संपेपर्यंत एकत्र मोजायचे. आपल्या १०० जणींमध्ये पुढच्या दोन वर्षांत फ्रोझनमधून आणखी १८ जणींना बाळ झालं असं धरा, म्हणजे ३८ टक्के. अमेरिकेतल्या क्लिनिक्सच्या एका संघटनेनं २०१४ च्या सायकल्सपासून या पद्धतीकडे मोर्चा वळवला. याचा एक फायदा असा की एका वेळी दोन-तीन भ्रूण सोडून आकडा फुगवण्याचा मोह कमी होतो, कारण एकेक सोडला तरी शेवटी सगळं त्याच खात्यात जमा होतं. तोटा हा की निकालाला दोन वर्षं थांबावं लागतं, आणि फ्रीजरमध्ये भ्रूण पडून असलेल्यांचं काय धरायचं ते प्रत्येकजण आपल्या सोयीनं ठरवतो.

खरा गुंता पुढे आहे, कारण क्युम्युलेटिव्ह हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. एक वरचा, एका पिकअपचा. दुसरा, तीन-चार-सहा सायकल्स करत राहिल्यावरचा. २००९ मध्ये बॉस्टनमधल्या ६,१६४ पेशंट्सचा अभ्यास आला, त्यात सहा सायकल्सनंतरचा आकडा ७२ टक्केही होता आणि ५१ टक्केही, तेच पेशंट, तेवढीच बाळं. फरक फक्त मधेच सोडून गेलेल्यांचा. ७२ वाला हिशोब म्हणतो की सोडून गेलेल्या थांबल्या असत्या तर त्यांनाही बाकीच्यांइतकाच चान्स होता, ५१ वाला म्हणतो त्यांना बाळ झालंच नसतं. चाळिशीच्या पुढे तर ४२ विरुद्ध २३. खरं उत्तर दोन्हींच्या मधे कुठेतरी, पण मला पहिलं गृहीतक जास्त खटकतं. कारण सोडतं कोण, तर बरेचदा जिची बीजं कमी निघाली, जिला डॉक्टरच म्हणाले आता डोनर एगचा विचार करा. शिवाय बॉस्टन ज्या राज्यात आहे तिथे इन्शुरन्सला आयव्हीएफचा खर्च द्यावा लागतो. आपल्याकडे बहुतेक जण खिशातून भरतात, एफडी मोडून दुसरी सायकल करतात आणि तिसरीला पैसे उरत नाहीत, त्यांना सहा सायकल्सचा ७२ सांगून उपयोग काय?

अलीकडची भर म्हणजे भ्रूणाची जेनेटिक टेस्ट आणि बँकिंग. तीन पिकअप करून भ्रूण साठवायचे, टेस्टमध्ये नॉर्मल आला तोच सोडायचा, आणि ‘पर ट्रान्सफर’ झकास आकडा लावायचा. जिचा एकही नॉर्मल निघाला नाही ती छेदात येतच नाही.

भारतात २०२१ च्या एआरटी कायद्यानं क्लिनिकनं यशाची शक्यता समजावून सांगायची असं घातलंय. तिथे बसल्यावर विचारायचं ते इतकंच की तुमच्याकडे माझ्या वयाच्या किती जणींनी इंजेक्शनं सुरू केली आणि त्यातल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या. काउन्सेलर पटकन ‘पर ट्रान्सफर’वर घसरली तर तिथेच थांबवून परत विचारा.