नाकातल्या दोन थेंबांनी बाळ झोपतं तेव्हा

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने मुलं दगावली. त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं. तेव्हापासून आमच्या खानापूर भागात एक नवं शहाणपण ऐकू येतं: "सिरप नको बाई, नाकात दोन थेंब घाल. थेंबानं काय होतंय?"

थेंबाने काय होतं ते यंदाच्या पावसाळ्यात आमच्याच नात्यात पाहिलं. बाळ दोन महिन्यांचं, वजन चार किलो. नाक चोंदलेलं, दोन घोट ओढले की तोंड सोडून रडायचं. एवढी लहान मुलं बहुतेक नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नाक बंद झालं की दूध आणि श्वास दोन्ही एकदम जमत नाहीत. मामाने मेडिकलमधून 'नाकाचे ड्रॉप' आणले. आजीने ड्रॉपर निम्मा भरून दोन्ही नाकपुड्यांत मिळून रिकामा केला. दहा मिनिटांत नाक मोकळं झालं. तासाभराने फोनवर आजी खुशीत होती: "बाळ शांत झोपूलालंय बघ!" आणखी दोन तासांनी तोच आवाज घाबरा होता. बाळ उठेना, पाय गार पडलेले, तोंडाशी धरलं तरी ओढेना.

बाटलीवर लिहिलं होतं: झायलोमेटाझोलीन ०.१ टक्के. म्हणजे मोठ्यांचं औषध.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंना शिंपल्यासारखी वळलेली हाडं असतात आणि त्यांच्यावरच्या अस्तरात बारीक शिरांचा स्पंज असतो. सर्दीत या स्पंजात रक्त साठून तो फुगतो. म्हणजे नाक चोंदतं ते नुसत्या शेंबडाने नव्हे, सुजेनेही. झायलोमेटाझोलीन त्या शिरांच्या भिंतीवरच्या एका कुलपात किल्लीसारखं बसतं. या कुलपाला अल्फा ग्राहक म्हणतात. किल्ली फिरली की शीर आवळते, स्पंज पिळल्यासारखा बसतो आणि वाट मोकळी होते. इथवर सगळं उत्तम.

पण तेच कुलूप मेंदूच्या देठातही आहे आणि तिथे त्याचं काम उलटं आहे. तिथे किल्ली फिरली की जागेपणा, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांना चालना देणारे संदेश मंदावतात. हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बोहरिंगर कंपनीत नाक मोकळं करणारं एक नवं रसायन बनवलं गेलं. सर्दी झालेल्या एका सेक्रेटरीबाईंच्या नाकात त्याचे थेंब घातले, तर त्या सुमारे चोवीस तास झोपल्या, नाडी मंद आणि रक्तदाब खाली. नाकाचं औषध म्हणून ते रसायन बाद झालं आणि क्लोनिडीन या नावाने रक्तदाबाचं औषध म्हणून जगभर गेलं. झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन, नाफाझोलीन ही त्याचीच भावंडं. मोठ्या माणसात नेमक्या मात्रेत ती बहुतेक नाकापुरतीच काम करतात. बाळात तसं होत नाही, कारण नाकाच्या अस्तरातून औषध झपाट्याने रक्तात शिरतं, उरलेलं घशातून पोटात जातं आणि वाटून घ्यायला शरीर असतं चार किलोचं.

हिशेब मांडून बघू. ०.१ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध. साठ किलोच्या माणसाने दोन्हीकडे तीन-तीन थेंब घातले, तर सहा थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे पाच मायक्रोग्रॅम. आजीचा निम्मा ड्रॉपर म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर, त्यात ५०० मायक्रोग्रॅम. ते चार किलोत वाटलं तर किलोमागे १२५ होतात. मोठ्या माणसाच्या पंचवीस पट! शांत झोप ती नव्हतीच.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर रात्रभर बाळाची नाडी आणि श्वास मोजत बसले. यावर उतारा असा नाही, औषध उतरेपर्यंत श्वासाला जपायचं एवढंच. सकाळी बाळ भुकेने किंचाळलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. असं कधी झालंच तर उलटी काढू नका. बाटली सोबत घ्या आणि १०८ला फोन करा.

मग तान्ह्याला काय घालायचं? मिठाच्या पाण्याचे थेंब, म्हणजे सलाईन ड्रॉप. बाटलीवर 'सोडियम क्लोराइड', ०.६५ किंवा ०.९ टक्के, एवढंच हवं. दोन्ही प्रकारच्या बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून खूण लक्षात ठेवा: नावाच्या शेवटी 'झोलीन' आलं की तान्ह्यापासून लांब. बाटलीवर लहान मुलाचं चित्र असलं तरी लांब, कारण ०.०५ टक्क्यांची 'लहान मुलांची' बाटलीही झोलीनचीच असते. ब्रिटनमध्ये २००९पासून सहा वर्षांखालच्या मुलांना ती दुकानातून देत नाहीत.

सलाईन स्पंज पिळत नाही. घट्ट शेंबूड पातळ करतं, एवढंच त्याचं काम, आणि तान्ह्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाळाला मांडीवर उताणं घ्या, एका नाकपुडीत दोन थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मग दुसरीत. शिंक आली की काम झालं. रबरी पंपाने ओढायचं असेल तर तो आधी दाबून मगच नाकाच्या तोंडाशी लावा, आणि दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, नाहीतर ओढण्यानेच अस्तर सुजतं. बाटलीचं टोक नाकाला टेकवू नका आणि एका बाळाची बाटली दुसऱ्याला नको. घरी मीठ कालवण्याच्या भानगडीत पडू नका, चिमूट प्रत्येकीची वेगळी असते.

सलाईनला दिवसांची मर्यादा नाही. झोलीनला मात्र आहे. मोठ्या मुलाला डॉक्टरांनी ते लिहून दिलं तरी तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे कुलपं किल्लीला दाद देईनाशी होतात, थेंबाचा असर उतरला की स्पंज आधीपेक्षा जास्त फुगतो आणि आपण पुन्हा थेंब घालतो. 'सर्दी हटतच नाही' म्हणणाऱ्या कित्येकांची सर्दी कधीच गेलेली असते, उरलेलं असतं ते बाटलीचं व्यसन.

आणि नाकात गोडंतेल सोडणाऱ्या, शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देणाऱ्या थोरल्या बायकांना नमस्कार करून सांगतो, तेल नाकातून फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे न्यूमोनिया होऊ शकतो. धुराने तर तो स्पंज आणखी फुगतो. दृष्ट काढायची तर काढा बापड्या, पण मिरच्या जाळायच्या त्या अंगणात.

सलाईन घालूनही बाळ दूध ओढत नसेल, बरगड्यांखाली पोट खेचलं जात असेल, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर थेंब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे. शंका आली तर बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा. दोन महिन्यांखाली साठ आणि त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास, एवढे किंवा जास्त भरले तर वाट बघू नका.

ती बाटली मी आणून माझ्या टेबलावर ठेवलीय. नाव इंग्रजीत, बारीक अक्षरात. आजीला मराठी येतं आणि कन्नडही, पण भिंग लावूनही तिला ते वाचता आलं नसतं.