जस्ट-इन-टाइम खरेदी

कच्चा माल किंवा सुटे भाग गोदामात साठवून न ठेवता, लागतील तेव्हा आणि लागतील तेवढेच मागवण्याची पद्धत. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ती बसवली. मागणीचा निरोप कानबान नावाच्या कार्डावरून जातो. लाइनवर सुट्या भागांची पेटी वापरायला घेतली की तिचे कार्ड पुरवठादाराकडे परतते आणि जितकी कार्डे, तितक्याच भरलेल्या पेट्या येतात.

एक काल्पनिक हिशेब पाहू. रोजच्या आठ तासांच्या एकाच पाळीत प्रत्येकी ४०० रुपयांचे ५०० नग लागतात. वीस दिवसांचा साठा ठेवला तर ४० लाख रुपये अडकतात. पेटीत ५० नग बसत असतील आणि कार्ड गेल्यापासून माल यायला चार तास लागत असतील, तर पाच पेट्या पुरतात. एक जास्तीची धरली तरी साठा १ लाख २० हजारांच्या वर जात नाही. दहा टक्के दराने वर्षाला सुमारे ३ लाख ८८ हजार रुपये व्याज वाचते, शिवाय गोदामाची जागाही. साठा थोडा असल्याने सदोष माल लगेच लक्षात येतो, हा फायदा मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही. अर्थात पुरवठादारानेच कारखान्याशेजारी गोदाम घेऊन माल भरून ठेवला, तर ती बचत नव्हे. खर्च फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडला.

याच हिशेबात धोकाही आहे. ती जास्तीची पेटी ४८ मिनिटांत संपते. ट्रक त्याहून उशिरा आला की लाइन थांबते, मग बाकीचे हजारो भाग हजर असले तरी उपयोग नाही.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे जपानमधील कारिया येथे आइसिन सेइकी या पुरवठादार कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधील दाब नियंत्रित करणारे पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे इथूनच येत. मुठीत मावणारा, किमतीने किरकोळ भाग; पण त्याची भोके अतिशय अचूक पाडावी लागतात आणि त्यासाठीची खास यंत्रे जळून गेली होती. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने बंद पडले. आइसिनने व्हॉल्व्हचे आराखडे इतरांना दिले आणि शिलाई मशिन बनवणाऱ्या ब्रदरसह अनेक कंपन्यांनी साध्या यंत्रांवर व्हॉल्व्ह घडवले. आठवडाभरात लाइन पुन्हा धावू लागल्या. साठ्याची जागा इथे जुन्या संबंधांनी भरून काढली. केवळ किमतीवर पुरवठादार बदलणाऱ्याला अशी मदत मिळणे कठीण.

जपानमधील २०११च्या भूकंपात रेनेसास कंपनीचा नाका नावाचा चिप कारखाना बंद पडला, तेव्हा मदतीला अनेक जण धावूनही आठवडाभरात काम भागले नाही, कारण चिप तयार व्हायलाच महिने लागतात. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. सीट मात्र आजही गाड्यांच्या क्रमाने, ऐनवेळी येतात: त्या जागा खातात, आणि त्यांचे रंग व प्रकार इतके की साठा करायचा तरी कशाचा?