स्पष्टीकरणपत्र, चालक परवाना नूतनीकरणाचे (मोटार विमा)

अपघातग्रस्त वाहनाच्या चालकाचा परवाना मुदत संपलेला दिसल्यामुळे विमा कंपनी दाव्यावर शंका काढते, तेव्हा त्या परवान्याचे नूतनीकरण झाल्याचे कागदपत्रांसह कळवणारे विमेदाराचे पत्र. त्याला ठरावीक नमुना नाही. ते बहुधा सर्व्हेअरच्या किंवा दावा विभागाच्या लेखी विचारणेचे उत्तर म्हणून जाते. प्रस्तुत नोंद भारतातील प्रथेपुरती आहे.

विमापत्रातील चालकविषयक अटीनुसार वाहन चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी परिणामक, म्हणजे त्या क्षणी लागू असलेला, परवाना असावा लागतो. त्यामुळे पत्रात ‘नूतनीकरण झाले’ एवढे लिहून भागत नाही. ते कोणत्या तारखेपासून लागू झाले, यावर दाव्याचा निकाल ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या मूळ कलम 14 मध्ये मुदत संपल्यावरही परवाना 30 दिवस परिणामक राहील, असे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अपवादाची तरतूद, होते. कलम 15 नुसार या 30 दिवसांत अर्ज केल्यास नूतनीकरण मुदतसमाप्तीच्या तारखेपासूनच धरले जाई आणि मध्ये खंड पडत नसे; तीस दिवसांनंतर अर्ज केल्यास मात्र त्याच्या परंतुकानुसार ते नूतनीकरणाच्या तारखेपासून धरले जाई. 2019 च्या दुरुस्तीने कलम 14 मधील सवलत वगळली. कलम 15 च्या परंतुकात ‘तीस दिवसांनंतर’ या शब्दांच्या जागी मुदतीपूर्वी एक वर्ष किंवा मुदतीनंतर एक वर्षाच्या आत, अशी शब्दयोजना आली. ‘नूतनीकरणाच्या तारखेपासून’ हे शब्द मात्र तसेच राहिले. हे कलम काहीसे ओबडधोबडपणे शिवलेले आहे. वर्षभरात अर्ज करता येतो म्हणजे त्या वर्षात परवाना जिवंतच असतो, असा अर्थ काहींनी लावला, आणि पोलीस चालक भरतीच्या एका वादात तेलंगणा उच्च न्यायालयाने तशा बाजूचा कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो फिरवला. मुदत संपल्यापासून नूतनीकरण होईपर्यंतचा काळ परवान्याविनाचा, हे मत दुरुस्तीच्या शब्दांशी अधिक जुळते. तो वाद विम्याचा नसला तरी दावा विभाग त्याचा आधार घेऊ शकतात.

फरक उदाहरणाने स्पष्ट होईल. परवाना 20 मार्च 2023 रोजी संपला, अर्ज 27 मार्चला केला, नूतनीकरण 3 एप्रिलला झाले आणि अपघात 10 एप्रिलला घडला. दाव्यासोबत मात्र जुन्या परवान्याची छायाप्रत गेली. इथे पत्राचे काम सोपे आहे, कारण अपघाताच्या दिवशी परवाना परिणामक होता. पण अपघात 30 मार्चला घडला असेल, तर अर्जाची पोचपावती जोडूनही अट पूर्ण होत नाही. हाच क्रम 2018 मध्ये घडला असता तर दोन्ही अपघात 30 दिवसांच्या सवलतीत बसले असते.

न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध सुरेशचंद्र अग्रवाल (2009) या प्रकरणात चालकाचा परवाना अपघातापूर्वी काही महिने संपलेला होता आणि नूतनीकरण अपघातानंतर झाले. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. तिऱ्हाइताच्या भरपाईत चित्र वेगळे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्ण सिंग निकालानुसार (2004) परवाना नव्हता एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. अटभंगात विमेदाराचा हलगर्जीपणा तिलाच सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध झाला तरी न्यायाधिकरण तिला आधी भरपाई देऊन नंतर विमेदाराकडून वसूल करायला सांगू शकते.

पत्रात दावा क्रमांक, विमापत्र क्रमांक, वाहन क्रमांक आणि अपघाताची तारीख-वेळ देऊन मग चार तारखा क्रमाने मांडतात: जुनी मुदत कधी संपली, अर्ज कधी केला, नूतनीकरण कधी झाले, नवी मुदत कधीपर्यंत आहे. वाहनाचा वर्गही नमूद करावा, कारण मोटारीचा परवाना वैध असूनही मालवाहू वाहनाबाबत प्रश्न उरू शकतो. सोबत नव्या परवान्याची दोन्ही बाजूंची प्रत, शुल्काची पावती आणि आरटीओने दिलेला परवान्याच्या नोंदीचा उतारा जोडतात. यांत उतारा सर्वांत महत्त्वाचा. कार्डावर मूळ वितरणाची तारीख आणि नवी मुदत पाहून मधला खंड लक्षात येईलच असे नाही. कंपनीचा पडताळणी करणारा मात्र ‘सारथी’ या परवान्यांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील नोंद पाहतो. पत्रातील तारीख त्या नोंदीशी जुळली नाही, तर साध्या विचारणेचे रूपांतर वस्तुस्थिती लपवल्याच्या आरोपात होते. त्यामुळे खंड असल्यास तो पत्रात उघड लिहिणे श्रेयस्कर. क्लेम फॉर्ममध्ये चुकून जुनी प्रत जोडली असेल तर तेही एका वाक्यात सांगतात.

काही काळात शासनानेच मुदतवाढ दिली होती. कोविडकाळात 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेल्या परवान्यांची वैधता वेळोवेळी वाढवण्यात आली. ‘सारथी’मधील बिघाडामुळे 31 जानेवारी ते 12 फेब्रुवारी 2024 दरम्यान संपलेले परवाने 29 फेब्रुवारीपर्यंत वैध धरले गेले. अपघात अशा काळात पडत असेल तर संबंधित परिपत्रकाची प्रत पत्रासोबत जोडतात.