मत राखीव (मृत्यू-अहवाल)

अकस्मात मृत्यूच्या चौकशीत मृत्यूचे कारण अजून कळलेले नसताना पंचनाम्यात व शवविच्छेदन अहवालात ते तसेच, म्हणजे न कळलेले म्हणूनच, नोंदवण्याची पद्धत. शवविच्छेदन करणारा डॉक्टर अशा वेळी ‘व्हिसेरा राखून ठेवला असून, मृत्यूच्या कारणाबाबतचे मत रासायनिक विश्लेषणाचा अहवाल येईपर्यंत राखीव’ असे लिहितो. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले शरीरातल्या अवयवांचे भाग.

अशा मृत्यूची पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार चौकशी सुरू होते. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. पंचांसमक्ष होणाऱ्या मरणोत्तर पंचनाम्यात अंगावरच्या खुणांचे वर्णन आणि मृत्यूचे ‘दिसणारे’ कारण एवढेच अपेक्षित असते. घटना कशी घडली, कोणी घडवली, हा तपशील या पंचनाम्याच्या कक्षेत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पेद्दा नारायण खटल्यात स्पष्ट केले. तरीही प्रत्यक्षात चूक बहुधा इथेच होते, आणि त्याला मराठी वाक्याची ठेवणही काही अंशी कारणीभूत आहे.

विहिरीत मृतदेह सापडल्याचे साधे उदाहरण घेऊ. ‘सदर इसम पाय घसरून विहिरीत पडून बुडून मरण पावला’ हे वाक्य कानाला सरळ वाटते, पण त्यात तीन निष्कर्ष आहेत: पाय घसरला, तो जिवंत असताना पाण्यात पडला, आणि मृत्यू बुडण्यानेच झाला. यांपैकी एकही गोष्ट पंचांनी पाहिलेली नाही. ‘घसरून’, ‘पडून’, ‘बुडून’ ही क्रियापदांची साखळी घटनेचा क्रम सांगत असल्याचा भास निर्माण करते आणि कारण नकळत ठरवून टाकते. ‘घसरून’च्या जागी ‘उडी मारून’ लिहिले की तोच मृत्यू आत्महत्या ठरतो. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात, आत्महत्येस मिळत नाहीत. तेव्हा पंचनाम्यातल्या या एका शब्दाचा भार मृताच्या घरावर पडतो.

हीच नोंद प्रामाणिकपणे लिहायची तर ती अशी होईल: ‘विहिरीच्या पाण्यावर तरंगणारा मृतदेह सकाळी ७ च्या सुमारास शेजारच्या शेतकऱ्यास दिसला. कठड्याजवळ एक चप्पल मिळून आली. कपाळावर डाव्या बाजूस सुमारे ३ सेंमी लांबीची जखम दिसते. मयत पाण्यात कसा गेला हे चौकशीत निष्पन्न व्हावयाचे आहे.’ सातची वेळ इथे मृतदेह दिसल्याची आहे, मृत्यूची नाही. जखमेचे मोजमाप आहे, पण ती पडताना लागली की आधीची, यावर पंचनामा काही म्हणत नाही. ‘संशयास्पद’ हा शब्दही टाळलेलाच बरा. संशय कशाचा हे सांगितले नाही तर तो वाचणाऱ्याच्या मनात कोणावर तरी बोट ठेवतो.

पुढे हा पंचनामा मृतदेहासोबत डॉक्टरकडे जातो. त्यात ‘बुडून’ असेल तर डॉक्टरच्या तपासणीलाही आधीच दिशा मिळते. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसे ही बुडण्याची चिन्हे. पण मृतदेह कुजू लागला की ती पुसली जातात. मग अस्थिमज्जेत डायाटम, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शैवाल, सापडते का ते पाहतात: रक्ताभिसरण चालू असतानाच ते तिथवर पोचते, असे त्यामागचे गृहीत आहे. त्यासाठी त्याच विहिरीचे पाणी तुलनेला लागते, आणि त्याचा नमुना घ्यायचा नेमका राहून जातो. डायाटम न सापडणे हा बुडून मृत्यू न झाल्याचा पुरावा नव्हे.

विषाच्या शक्यतेसाठी जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून, बाटल्यांना लाखेचे सील करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिथून ‘विष आढळले नाही’ असे उत्तर आले, तरी ते तपासलेल्या विषांपुरते आणि पाठवलेल्या नमुन्यापुरते असते. विष उलटीतून बाहेर पडलेले असू शकते किंवा शरीरात त्याचे विघटन झालेले असू शकते. म्हणून अंतिम मत देताना ‘विषबाधा झाली नाही’ असे लिहिणे चूक, ‘विश्लेषणात विष आढळून आले नाही’ असे लिहिणे बरोबर.

‘मत राखीव’ आणि ‘कारण निश्चित करता येत नाही’ यांतही फरक आहे. पहिल्यात कोणता अहवाल यायचा आहे हे नमूद असते व तो आल्यावर अंतिम मत देणे डॉक्टरवर बंधनकारक राहते. दुसरे हे सर्व अहवाल पाहून दिलेले अंतिम मतच आहे. कोणता अहवाल बाकी आहे हे न लिहिता नुसते ‘राखीव’ लिहिले, तर त्याचा पाठपुरावा कोणी कोणाकडे करायचा हेच कळत नाही. प्रकरण वर्षानुवर्षे तसेच पडून राहते, आणि घरच्यांना विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘अजून रिपोर्ट आला नाही’ एवढेच सांगता येते.