सहलीत मूल जखमी झाले, तर शाळेची देखरेख कशी मोजायची?

सहलीत मूल जखमी झाले की शाळा बहुधा पालकांच्या सहीचे संमतिपत्र पुढे करते. मुलाला सहलीला नेण्याची परवानगी त्या कागदाने मिळते. वाटेत मुलाकडे कसे लक्ष ठेवायला हवे होते, हा प्रश्न मात्र तसाच उरतो. त्यासाठी न्यायालये जी मोजपट्टी वापरतात, ती १८९३ सालची आहे आणि तिचा उगम सहलीत नाही.

इंग्लंडमधल्या एका शाळेत मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी फॉस्फरसची बाटली ठेवली होती. ती फुटून एक विद्यार्थी भाजला. अपील न्यायालयाने सांगितले की सावध बाप आपल्या मुलांची जेवढी काळजी घेतो, तेवढी शिक्षकाने घ्यायला हवी. मोजपट्टी सोपी होती, पण घरात बापापुढे दोन-चार मुले असतात आणि शिक्षकापुढे पन्नास. १९६२ मध्ये इंग्लंडच्याच न्यायालयाने तिला मुरड घातली. सुज्ञ पालक घरात कसा वागेल हे न बघता, शाळेच्या परिस्थितीत कसा वागेल हे बघायचे, असे ठरले. शिक्षकाने प्रत्येक मुलावर क्षणोक्षणी नजर ठेवावी, अशी अपेक्षा कायद्याने केलेली नाही. सपाट वाटेवर धावताना मूल ठेचकाळले आणि गुडघा फुटला, तर तेवढ्याने शाळा दोषी ठरत नाही.

मुले आवाराबाहेर पडली की हे गणित बदलते. कसे, ते भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालात फार स्पष्टपणे आले आहे. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले बियास नदीकाठी सहलीला गेली आणि त्यातली चौदा मुले बुडाली. आपल्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाला आपण जबाबदार नाही, असे शाळेच्या व्यवस्थापनाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. शिक्षक त्या दिवशी शाळेचेच काम करत होते, म्हणून त्यांची चूक ती शाळेची चूक. मृत मुलांच्या पालकांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम राहिला.

पण भरपाईच्या रकमेपेक्षा मला या निकालातली तुलना जास्त महत्त्वाची वाटते. खेळाच्या सामन्यासाठी मुलांना दुसऱ्या शाळेत नेले, तर ती जागा सुरक्षित आहे एवढी खात्री पुरते. नदीवर पोहायला नेले, तर काळजीची पातळी कितीतरी वर जाते. ‘इथे पाणी सुरक्षित आहे’ असे लोक म्हणतात, एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही, हे न्यायालयाने बजावले. म्हणजे जागा जितकी धोक्याची, तितकी शिक्षकाची स्वतःची माहिती पक्की हवी. पाणी किती खोल आहे, प्रवाहाला ओढ किती आहे, कोणत्या मुलाला पोहता येते आणि बुडणाऱ्याला बाहेर कोण काढणार, हे मुले पाण्यात उतरण्याआधी ठाऊक असले पाहिजे. अपघातानंतरच्या चौकशीतही प्रश्न हेच असतात. सोबत किती शिक्षक होते, हा त्यातला एकच.

पुढचा प्रश्न बाहेरच्या माणसांचा. हल्ली पोहणे, गिर्यारोहण, होडी चालवणे शिकवायला शाळा कंत्राटदार नेमतात. त्याच्या माणसाने हयगय केली तर? इंग्लंडमध्ये २००० साली शाळेच्या पोहण्याच्या तासाला दहा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पोहायला शिकवणारी व्यक्ती आणि जीवरक्षक दोघेही कंत्राटदाराचे होते. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शालेय वेळेतले शिक्षण आणि देखरेख हे शाळेने स्वतः पत्करलेले काम आहे. ते दुसऱ्याकडून करून घेता येते, पण जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही. कंत्राटदार हयगयीचा दोषी ठरला, तर शाळाही उत्तरदायी.

या नियमाला न्यायालयाने मर्यादाही आखली, आणि सहलीच्या दृष्टीने ती समजून घेण्यासारखी आहे. शिक्षक मुलांना संग्रहालयात घेऊन गेले आणि तिथल्या कर्मचाऱ्याच्या चुकीने मूल जखमी झाले, तर त्या चुकीचा भार या नियमाने शाळेवर येत नाही. बसचालकाचेही तसेच. कारण शाळेने मुलांचा ताबा त्यांच्याकडे दिलेलाच नसतो, तो शिक्षकांकडेच असतो. सुट्टीतल्या, शाळेच्या वेळेबाहेरच्या सहलीत स्वतंत्र कंत्राटदाराने केलेली चूकही या नियमात बसत नाही. अर्थात शिक्षकाची स्वतःची हयगय यातून सुटत नाही. चालक बेफाम गाडी हाकतो आहे हे दिसत असूनही सोबतचे शिक्षक गप्प बसले, तर तो प्रश्न त्यांच्याच देखरेखीचा होतो.

म्हणून कड्यावर दोर लावणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती शाळेच्या वेळेत वर्ग सोपवला आणि शिक्षक खाली सावलीत बसले, तर २०१३ च्या कसोटीने ते उदाहरण पोहण्याच्या तासाजवळ जाते, संग्रहालयाजवळ नाही.