सोलरवरचा घसारा: 100 वरून 80, 80 वरून 40

छपरावर सोलर बसवायचा विचार सुरू झाला की कोणीतरी हमखास सांगतं, "पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा मिळतो." घसारा म्हणजे धंद्यातल्या यंत्राच्या किमतीचा दरवर्षी खर्च म्हणून नफ्यातून वजा होणारा भाग, तेवढ्यावर कर लागत नाही. 80 चा आकडा खोटा नाही, पण तो जुना आहे. 1 एप्रिल 2017 पासून सोलर यंत्रणेवर घसाऱ्याचा दर 40 टक्के आहे. तरीही 80 बोलण्यातून जात नाही, कारण तो बराच काळ खरा होता.

नव्वदच्या दशकात अपारंपरिक ऊर्जेच्या यंत्रांवर 100 टक्के घसारा मिळत असे. म्हणजे पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी खर्चात. साध्या यंत्रसामग्रीवर आज 15 टक्के मिळतात, त्यावरून फरक लक्षात येईल. या सवलतीमुळे पवनचक्क्यांत पैसा आला, पण त्यातला बराचसा करापुरताच होता. मार्चअखेर चक्की उभी राहिली की मालकाचं काम झालं, ती वीज किती देते याच्याशी सवलतीचा संबंधच नव्हता. 2002 च्या सुमारास दर 80 वर आला. 2012 मध्ये नव्या पवनचक्क्यांचा वाढीव दर काढून 2014 मध्ये तो परत दिला गेला. सोलरचा 80 टक्के दर मात्र या काळातही टिकला. मग सरकारने ठरवलं की कुठल्याच मालमत्तेवर 40 टक्क्यांहून जास्त घसारा नको. नोव्हेंबर 2016 च्या अधिसूचनेने तसा बदल झाला आणि सोलरही त्यात आलं.

माझ्या मते यात नुकसान वाटतं तेवढं नाही. घसारा म्हणजे अनुदान नव्हे. वजावट शेवटी किमतीएवढीच मिळते, फक्त लवकर किंवा उशिरा. उरलेल्या किमतीवर दरवर्षी 80 टक्के धरले तर दोन वर्षांत 96 टक्के किंमत खर्ची पडायची. 40 टक्क्यांनी दोन वर्षांत 64 आणि पाच वर्षांत साधारण 92 टक्के पडते.

एका छोट्या कारखान्याचा हिशोब मांडू. यंत्रणा 25 लाखांची, जीएसटी वेगळा. त्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो किमतीत धरायचा नाही, दोन्हीकडून फायदा मिळत नाही. मालक जुन्या करप्रणालीत असेल तर 40 टक्क्यांचे 10 लाख, शिवाय उत्पादन करणाऱ्याला नव्या यंत्रावर मिळणारा 20 टक्के अतिरिक्त घसारा, म्हणजे 5 लाख. पहिल्या वर्षाची वजावट 15 लाख. नव्या प्रणालीत अतिरिक्त घसारा नाही, तिथे 10 लाखांवर थांबायचं.

पण हे सगळं यंत्रणा वर्षात किमान 180 दिवस वापरात असेल तरच. म्हणजे ती साधारण 3 ऑक्टोबरपर्यंत सुरू व्हायला हवी. डिसेंबरात सुरू झाली तर पहिल्या वर्षी निम्मंच, 15 ऐवजी साडेसात लाख. अतिरिक्त घसाऱ्याचे राहिलेले अडीच लाख पुढच्या वर्षी मिळतात. इथे बिलाची तारीख कामाची नाही. मार्चअखेर पॅनेल छपरावर चढली, बिलही झालं, पण नेट मीटर एप्रिलात लागला आणि त्याआधी वीज वापरल्याचा पुरावा नाही, तर त्या वर्षीचा दावा टिकवणं कठीण जातं. म्हणून मीटर बसवल्याचा अहवाल आणि सुरू केल्याचा दाखला फाइलला लावून ठेवावा.

दुकानदाराचं गणित निराळं आहे आणि तिथेच जास्त फसगत होते. दुकानात उत्पादन नसल्याने अतिरिक्त घसारा लागू होत नाही. त्यातून बरेच दुकानदार कलम 44AD खाली रिटर्न भरतात, म्हणजे उलाढालीच्या 8 टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के, नफा धरून. या पद्धतीत घसारा त्या टक्केवारीतच मिळाला असं मानलं जातं. त्यामुळे वेगळा एक रुपयाही वजा होत नाही, पण कागदावरची किंमत मात्र घटत राहते. 5 लाखांची यंत्रणा वर्षभर वापरली की 3 लाख, मग 1 लाख 80 हजार, तिसऱ्या वर्षाअखेर 1 लाख 8 हजार. चौथ्या वर्षी नियमित वह्यांवर आलात तर घसारा या शेवटच्या आकड्यापासून सुरू होतो, 5 लाखांपासून नाही.

याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. नियमित वह्यांत वीजबिल कमी झालं की खर्च घटतो, नफा वाढतो आणि त्यावर कर लागतो. 44AD मध्ये नफा विक्रीवरून ठरतो, बिलावरून नाही. त्यामुळे वाचलेलं बिल पूर्णपणे दुकानदाराच्या खिशात राहतं. अशा दुकानात सोलर घ्यायचं की नाही हे त्या बिलावरूनच ठरवावं. कोटेशनमध्ये "करबचत" म्हणून लिहिलेली रक्कम त्याच्या हिशोबातून आधी खोडावी.