फुप्फुसातील गुठळी : विरघळवणाऱ्या इंजेक्शनची पात्रता, कागदपत्रे आणि पुढची गोळी

पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन का देत नाही?" त्या इंजेक्शनची पात्रता सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या गुठळीच्या आकारावर नव्हे, तर रक्तदाबावर ठरते. वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली जाऊन पंधरा मिनिटांहून अधिक तिथेच राहिला, तो टिकवायला औषधाचे ड्रिप लावावे लागले किंवा हृदय बंद पडले, तर रुग्ण पात्र ठरतो.

समजा, पायाच्या हाडाला तडा गेल्याने पाच आठवडे प्लास्टरमध्ये असलेल्या बावन्न वर्षांच्या बाईंना अचानक धाप लागली. रक्तदाब १०४, नाडी ११८, इकोत हृदयाची उजवी बाजू ताणलेली आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले ट्रोपोनिन वाढलेले. त्या आजारी आहेत, पण अजून पात्र नाहीत. त्यांना रक्त गोठू न देणारे हेपारिन सुरू करून अतिदक्षता विभागात लक्ष ठेवतात. अशाच रुग्णांवरील २०१४ च्या चाचणीत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने रक्तदाब कोसळणे कमी झाले, पण पक्षाघाताचे प्रमाण ०.२ वरून २.४ टक्क्यांवर गेले. पाच तासांनी या बाईंचा रक्तदाब ७८ झाला आणि वीस मिनिटे वर आलाच नाही, तेव्हा गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज १०० मिलिग्रॅम दोन तासांत देणे योग्य ठरते.

त्याआधी मागची कागदपत्रे हवीत : जुने डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि जवळच्या नातेवाइकाचे संमतिपत्र. पूर्वी मेंदूत रक्तस्राव, गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात किंवा तीन आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते कागदच निर्णय फिरवतात. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून घरच्यांनी हे आठवून सांगावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार हवे असल्यास शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठावे आणि हा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, हे विचारावे.

धोका टळल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या गोळीची निवड होते. बहुतेकांना अपिक्साबॅन देतात : सात दिवस १० मिलिग्रॅम आणि त्यानंतर ५ मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा. आठव्या दिवशी डोस निम्मा करायचा राहून जातो, हा नेहमीचा घोळ. म्हणून ती तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्यावी. गर्भवतींना मात्र हेपारिनची इंजेक्शने, आणि रक्त सहज गोठवणारा अँटिफॉस्फोलिपिड विकार असल्यास वॉरफरिनची गोळी.

मुदत किमान तीन महिन्यांची. या बाईंच्या गुठळीला प्लास्टर हे तात्पुरते कारण होते, त्यामुळे तीन महिन्यांनी तपासून गोळी थांबवता येते. काहीच कारण सापडले नसते, तर रक्तस्रावाचा धोका तोलून ती चालू ठेवली असती, बहुधा सहा महिन्यांनंतर कमी, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या डोसने.